हिरवं दिसलं म्हणजे नेटवर्क आलं? टॉवरच्या टेकडीबद्दलच्या एका संदेशाचा प्रतिवाद

«गावात नेटवर्क नाही? एसआरटीएमचा उंचीनकाशा उतरवा, QGIS मध्ये परिसरातल्या सगळ्यात उंच टेकडीवर बिंदू ठेवा आणि व्ह्यूशेड चालवा. गाव हिरवं आलं तर टॉवर तिथेच लावायचा, नेटवर्क मिळणारच. लाल आलं तर ती टेकडी बाद. दहा मिनिटांचं काम आहे, पुढे पाठवा.»

इंदूर-महूच्या मराठी गटांत फिरणाऱ्या या संदेशात साधन बरोबर सांगितलं आहे: QGIS हे नकाशांचं सॉफ्टवेअर, आणि व्ह्यूशेड म्हणजे एका बिंदूवरून कोणता भाग सरळ रेषेत दिसतो हे उंचीनकाशावरून काढणं, दिसतो तो हिरवा, नाही तो लाल. पण ते उलट्या टोकाने धरलं आहे आणि त्याचं उत्तर चुकीचं वाचलं आहे. महूच्या दक्षिणेला पठार संपून घाट उतरतो, त्या चोरलच्या बाजूच्या खोऱ्यातलं एक गाव डोळ्यांपुढे धरू. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण घडण तिथलीच आहे. गाव समुद्रसपाटीपासून 400 मीटरवर. सहा किलोमीटरवर टेकडी «अ», माथा 700 मीटर. अडीच किलोमीटरवर टेकडी «ब», माथा फक्त 520 मीटर, पण सपाट. «अ» आणि गाव यांच्या मध्ये, गावापासून दीड किलोमीटरवर, सागाची झाडं असलेली एक धार आहे. उंचीनकाशात तिची उंची 484 मीटर आहे.

आधी हिरव्या रंगाचं पाहू, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथे आहे.

«अ»वर 40 मीटरचा टॉवर धरला तर त्याचं टोक 740 मीटरवर येतं. गावातल्या माणसाच्या हातातला फोन 401.5 मीटरवर. या दोघांना जोडणारी रेषा धारेवरून जाताना साधारण 486 मीटरवर असते, आणि पृथ्वीच्या गोलाईचे 0.4 मीटर वजा केले की धारेच्या वर जेमतेम पावणेदोन मीटर उरतात. व्ह्यूशेड म्हणतो, दिसतंय. त्याच्या दृष्टीने ते खरंही आहे. पण रेडिओलहर दोऱ्यासारखी सरळ रेषेत जात नाही. तिला रेषेभोवती जागा लागते, आणि त्या जागेला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. 900 मेगाहर्ट्झवर या धारेपाशी त्याची त्रिज्या 19 मीटरच्या आसपास येते. त्यातले निदान 60 टक्के, म्हणजे साडेअकरा मीटर, मोकळे हवेत. आपल्याकडे पावणेदोन आहेत. परिणामी सुमारे 5 डेसिबल जातात, म्हणजे पोचायला हवी होती त्या शक्तीची एक-तृतीयांशच पोचते. रास्टरमध्ये, म्हणजे चौकटी-चौकटींच्या त्या नकाशात, मात्र हे घर आणि पूर्ण मोकळ्या रेषेतलं घर एकाच हिरव्या रंगाचे असतात.

मग टॉवरच उंच करू, असं सहज वाटतं. इथे एक गुणाकार लक्षात ठेवावा. धारेवर रेषा 10 मीटर उचलायची तर टॉवर 10 मीटरने वाढवून चालत नाही. धार फोनपासून दीड किलोमीटरवर आणि टॉवर सहा किलोमीटरवर, म्हणून 10 गुणिले 6 भागिले 1.5, एकूण 40 मीटर वाढवावे लागतात. चाळीसचा टॉवर ऐंशीचा होतो. अडथळा गावाच्या जितका जवळ, तितका हा गुणाकार मोठा.

नकाशातली चूकसुद्धा याच पटीने फुगते. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातल्या रडारने केली. त्यात झाडांची उंची थोडी धरली जाते, पण पूर्ण नाही, आणि उंचीसाठी ठरवलेली अचूकता 16 मीटर आहे. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष चूक याहून कमी असते. तरी धार नकाशापेक्षा खरोखरीच 5 मीटर उंच निघाली, तर टॉवरच्या हिशोबात 20 मीटरचा फरक पडतो, आणि 1.7 मीटरच्या जोरावर आलेला हिरवा रंग तेवढ्यावर पुसला जातो. शिवाय एक चौकट सुमारे 30 मीटरची असल्याने अरुंद धारेचा खरा माथा तिच्यात बोथट होतो आणि कमी उंच दिसतो. म्हणजे ही चूक बहुधा आपल्याला गैरसोयीच्या बाजूलाच पडते.

लाल रंगाचं प्रकरण याच्या उलट आहे. धार रेषेच्या 10 मीटर वर डोकावते असं धरा. व्ह्यूशेडमध्ये टेकडी बाद. पण लहर धारेच्या कडेवरून खाली वळते, आणि 900 मेगाहर्ट्झवर त्या वळण्यात सुमारे 12 डेसिबल जातात, 2300 वर 15. नुकसान मोठं आहे, पण नेटवर्क शून्य होत नाही. जवळच्या टॉवरकडून येणाऱ्या जोरकस सिग्नलला 12 डेसिबल पचतात, सहा किलोमीटरवरून आलेल्याला पचतीलच असं नाही. म्हणून रंगापेक्षा दोन आकडे विचारावेत: रेषा किती मीटरने चुकते, आणि कुठे.

या हिशोबाला GDAL हे आज्ञांनी चालणारं नकाशांचं साधन उपयोगी पडतं, फक्त विश्लेषण टेकडीवरून नव्हे, गावातून चालवायचं. रेषा दोन्हीकडून एकच असते. फोन निरीक्षक धरला की प्रत्येक टेकडीवर टॉवर निदान किती उंच हवा, हे एकाच फेरीत कळतं. आधी उंचीनकाशा मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपात आणा. अंशांतला नकाशा तसाच वापरला तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये धरली जाते आणि उत्तर निरर्थक येतं. इंदूर परिसराला EPSG:32643 चालतं.

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 30 30 -r bilinear srtm.tif dem.tif
gdal_viewshed -ox 587400 -oy 2484000 -oz 1.5 -cc 0.75 -om GROUND dem.tif p1.tif
```

`-ox` आणि `-oy` च्या जागी आपल्या घराचे सहनिर्देशांक टाका. `-oz 1.5` म्हणजे हातातल्या फोनची उंची. `-cc` चं मूळ मूल्य 0.85714 आहे, ते डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशासाठी. रेडिओलहर थोडी जास्त वाकते म्हणून 0.75. सहा किलोमीटरवर फरक नगण्य, वीसच्या पुढे जाणवण्याइतका. `-om GROUND` मुळे होय-नाहीऐवजी जमिनीपासूनची किमान उंची मीटरमध्ये मिळते. हेच QGIS च्या खिडकीतून करत असाल तर कमाल अंतराचा रकाना आधी बदला. तिथे 100 मीटर भरलेले असतात, आणि गावाभोवती छोटासा ठिपका पाहून लोक नकाशाच खराब आहे असं समजतात.

गाव म्हणजे एक बिंदू नव्हे, हे संदेशात कुठेच नाही. गावठाणाचा मध्य, नाल्याकडचा सखल भाग, शाळा आणि सगळ्यात दूरचे फलिये, म्हणजे वस्त्या, असे पाच-सहा बिंदू घ्या. प्रत्येकासाठी वेगळं रास्टर काढा आणि चौकटीगणिक सर्वांत मोठी किंमत ठेवा. तीन बिंदूंसाठी असं:

```
gdal_calc.py -A p1.tif -B p2.tif -C p3.tif --calc="maximum(maximum(A,B),C)" --outfile=garaj.tif
```

`gdal_viewshed` च्या आज्ञेत `-md`, म्हणजे कमाल अंतर, मुद्दाम दिलेलं नाही. ते दिलं की प्रत्येक रास्टर आपापल्या बिंदूभोवती कापलं जातं, आकार जुळत नाहीत आणि ही तुलना अडते. नकाशा मोठा असेल तर तोच आधी कापून घ्या. `garaj.tif` मध्ये ज्या चौकटीत 40 किंवा कमी आहे, तिथून चाळीस मीटरच्या टॉवरला सगळे बिंदू दिसतात. ही नुसती दिसण्याची गरज आहे. फ्रेनेलची जागा धारेपाशी काढून, वरच्या गुणाकाराने त्यात मिळवायची.

आता उंचीच्या हट्टाकडे. «ब» ही «अ»पेक्षा 180 मीटर बुटकी आहे, पण गाव आणि तिच्या मध्ये काही नाही. अंतर सहाऐवजी अडीच किलोमीटर झाल्यानेच साडेसात डेसिबल वाचतात, धारेवरचे पाच वाचतात ते वेगळे. शिवाय फार उंचावरच्या अँटेनाचा झोत नीट खाली झुकवला नाही तर तो गावाच्या डोक्यावरून निघून जातो.

पण «ब»वरही जागा चुकवता येते. माळव्यातल्या बऱ्याच टेकड्या काळ्या बेसॉल्टच्या थरांच्या, वरून टेबलासारख्या सपाट. टॉवर सहसा माथ्याच्या मध्यावर सुचवला जातो, कारण नकाशात सर्वांत उंच चौकट तिथे असते आणि गाडीरस्ताही तिथवर सोपा. तो कड्यापासून 200 मीटर आत गेला, तर अडीच किलोमीटरवरच्या गावठाणाला काही बिघडत नाही: साडेनऊ मीटरची उंची पुरते. पण कड्यापासून 600 मीटरवर, पायथ्याशी असलेल्या फलियाला त्याच जागेवरून साडेएकोणचाळीस मीटर लागतात, म्हणजे चाळीसचा टॉवर कड्याला घासून जेमतेम दिसतो. टॉवर कड्यापासून 30 मीटरवर आणला की सहा मीटर पुरतात. `garaj.tif` मध्ये हे लगेच दिसतं: कड्यालगत किमती लहान आणि मध्याकडे चढत जाणाऱ्या.

«ब»ची खरी अडचण दुसरीकडे आहे. टॉवरला स्वतःचा दुवा लागतो. फायबर नसेल तर घाटावरच्या एखाद्या चालू टॉवरकडे मायक्रोवेव्हची सरळ रेषा हवी, आणि 520 मीटरच्या टेकडीला पठाराचा कडा आडवा येऊ शकतो. 15 गिगाहर्ट्झवर बारा किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर साडेचार-पाच मीटर मोकळे पुरतात, पण तिथे कडेवरून वळून येण्याची आशा धरू नये. म्हणजे लाल रंग पाहून टेकडी बाद करायची असेल, तर ती या दुव्यासाठी. त्याकरता चालू टॉवरच्या अँटेनाची उंची `-oz` मध्ये घालून वेगळी फेरी चालवा. जागा वनखात्याची असेल तर मंजुरीचा प्रश्न त्याआधी येतो.

शेवटी धारेवर जाऊन या, तेही ऑक्टोबरात, साग पानांनी भरलेला असताना. रेषा जिथून जाते तिथली झाडं मोजा, धारेची आणि गावठाणाची उंची एकाच दिवशी एकाच यंत्राने घ्या आणि त्यांचा फरक नकाशातल्या 84 मीटरशी ताडून पाहा. टेकडीच्या माथ्यावरून कुणी आरशाने उन्हाचा कवडसा गावाकडे टाकला आणि तो फलियात दिसला, तर त्या घरापुरती रेषा जमिनीपासूनच मोकळी आहे. दिसला नाही तर मात्र टेकडी बाद होत नाही, कारण टॉवरचे चाळीस मीटर त्या परीक्षेत नसतात.