दुकानदाराला पत्र लिहिताय? मग आधी भुंग्याचं लिहा

आमच्या कुडाळ भागातल्या बांबू कारागिरांची सहकारी संस्था पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना पत्र पाठवणार आहे. पहिल्या मसुद्यात 'ग्रामीण महिलांच्या हाताला काम' यावर दोन परिच्छेद होते. मी ते काढायला सांगितले. दयेपोटी माल एकदा घेतला जातो, दुसऱ्यांदा मागवला जात नाही.

दुकानदाराची खरी भीती भुंग्याची असते. टोपलीखाली पिठासारखी पिवळसर भुकटी दिसली आणि काडीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली की गिऱ्हाईक भांडायला येतं. बांबूतल्या पिठूळ अंशावर हा किडा जगतो. म्हणून पत्रात सरळ लिहायचं: आम्ही माणगा बांबू वापरतो, तीन वर्षांचा जून झालेला, पावसाळा संपल्यावर तोडलेला. बांबू चिरून पातळ पट्ट्या, म्हणजे बेळं काढली की विणण्याआधी ती बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवून ठेवतो, शंभर लिटरला तीन किलो आणि दोन किलो. बेळं काढल्यावरच, कारण अख्ख्या बांबूच्या गुळगुळीत पाठीतून औषध आत शिरत नाही.

यालाही मर्यादा आहे, आणि तीही पत्रात हवीच. हे औषध पाण्याने धुऊन निघतं. शिवाय खाण्याच्या वस्तूला ते लागता कामा नये. म्हणून तांदूळ धुवायची रोवळी आणि धान्य पाखडायचं सूप आम्ही औषधाविना देतो. तो माल थोडा थोडा मागवा, कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात साठवू नका. दिव्याच्या शेड, फुलांच्या परड्या, कपड्यांच्या टोपल्या मात्र औषध दिलेल्या. दोन्हींवर वेगळ्या चिठ्ठ्या लावायच्या. दुकानदाराला हे आधी कळलं तर तोच गिऱ्हाइकाला नीट सांगेल.

आता पैशाचं. बहुतेक दुकानदार जाकडवर माल मागतात, म्हणजे विकला तर पैसे, नाही तर परत. संस्थेला ते झेपत नाही, कारण विणकरणीला तिची मजुरी टोपली विणून झाली की द्यावी लागते. समजा टोपलीची छापील किंमत ५०० रुपये आणि दुकानाचा वाटा ४० टक्के. संस्थेला ३०० मिळाले. त्यातले १८० मजुरीचे, ५० बांबूचे, ४५ औषध-बांधणी-वाहतुकीचे, उरले २५. अशा दहा टोपल्यांमागे एखादी दबून-मोडून परत आली, की तिच्यावर खर्चलेले २७५ गेले आणि बाकी नऊ टोपल्यांचे मिळून २२५ सुटले. संस्थेला उलट ५० रुपयांची खोट. म्हणून माझं म्हणणं: ४० टक्के हवे असतील तर रोखीने खरेदी करा, पहिल्या वेळी चोवीसच नग घ्या. जाकडच हवं असेल तर वाटा २५ टक्के, आणि तुमच्याकडे मोडलेला नग तुमचा. भुंगा लागलेला मात्र सहा महिन्यांत आम्ही बदलून देऊ.

पत्र अजून सुटलेलं नाही. यादीत जे दुकानदार मित्र आहेत त्यांनी सांगा, जाकडवर २५ टक्के तुम्हाला परवडतात का? नसतील परवडत तर भाडं, पगार धरून किती लागतात, तो आकडा मोकळेपणाने लिहा. पुढच्या बैठकीत मी तो मांडतो.