हबलच्या आलेखावरचं ‘किमी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “हबलच्या १९२९ च्या आलेखाचं तुमचं मराठीकरण पाहिलं. उभ्या अक्षावर वेग चक्क ‘किमी’मध्ये! वेग किलोमीटरमध्ये मोजत नाहीत हे आठवीतल्या पोरालाही कळतं. अक्षावरचे आकडे इंग्रजी का? नेब्युलाला सरळ दीर्घिका म्हणायला काय झालं? मराठीत आणायचं तर नीट आणा, नाहीतर हात लावू नका. मी दुरुस्त करून माझ्या पानावर टाकलंय, तिथे बघून घ्या.” — एक वाचक

वाचक महाशय,

आधी त्या आठवीतल्या पोराबद्दल. मी आयुष्यभर आठवी-नववीला विज्ञान शिकवून निवृत्त झालो. आठवीतलं पोर शंका असली की हात वर करून विचारतं, “सर, इथे सेकंद कुठे गेला?” तुम्हीही तसंच विचारलं असतंत तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. ‘हात लावू नका’ ही भाषा मी वर्गात कुणाची ऐकून घेतली नाही, इथे का घ्यावी?

आता ‘किमी’. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्या या आलेखात आडव्या अक्षावर नेब्युलांचं, म्हणजे आज आपण ज्यांना दीर्घिका म्हणतो त्यांचं, अंतर पार्सेक या खगोलशास्त्रातल्या एककात आहे आणि उभ्या अक्षावर त्यांचा वेग. मूळ आकृतीत उभ्या अक्षावर `+1000 KM`, `500 KM` असंच छापलं आहे. अक्षाचं नाव ‘वेग’, आणि एकक नुसतं किलोमीटर. ‘प्रति सेकंद’ मूळातच गळलेलं आहे. मी अक्षावर ते तसंच ठेवलं आणि आकृतीखाली टीप दिली: ‘मूळ आकृतीत उभ्या अक्षावर KM एवढंच छापलेलं आहे, किमी प्रति सेकंद असं वाचावं.’ ही टीप बारीक आणि फिकट अक्षरांत होती, हे मान्य. ती आता ठळक केली आहे. पण ती होती, आणि तुम्ही वाचली नाहीत.

‘कळलं होतं तर दुरुस्त का नाही केलं?’ असं तुम्ही आता विचारणारच. आकृतीवरची अक्षरं हा मूळ लेखकाचा मजकूर असतो आणि खालची टीप माझी. एकात दुसरं मिसळलं की कोण काय म्हणालं ते वाचणाऱ्याला कधीच कळत नाही. उद्या कुणी मूळ निबंध आणि माझी आकृती शेजारी ठेवली, तर त्याला एकीकडे ‘किमी’ आणि दुसरीकडे ‘किमी/से’ दिसेल. मी बदललं, की नंतरच्या एखाद्या आवृत्तीत सुधारलं गेलं, हे त्याने कसं ओळखायचं? अक्षावरच लिहायचं असेल तर फार तर चौकोनी कंसात [प्रति सेकंद] घालता येतं. तोही रिवाज आहे. पण गुपचूप? नाही.

शिवाय ते एकक सेकंदाचंच आहे हे मी आठवीच्या पुस्तकावरून ठरवलेलं नाही. त्याच निबंधातल्या पहिल्या तक्त्यात वेगाचा रकाना आहे आणि त्याचं एकक किलोमीटर प्रति सेकंद असं स्पष्ट दिलं आहे. आकृतीतली सलग रेघ पाहिलीत तर वीस लाख पार्सेकच्या खुणेपाशी ती हजाराच्या जवळपास पोचते, म्हणजे दहा लाख पार्सेकला साधारण पाचशे. निबंधाच्या मजकुरात हबल दोन उत्तरं देतात, ४६५ आणि ५१३ किमी प्रति सेकंद, दर दहा लाख पार्सेकला. तक्ता, रेघ आणि मजकूर तिन्ही जुळले, म्हणून टीप लिहिली. ‘आपल्याला ठाऊक आहे’ एवढ्यावर दुरुस्ती करायची ठरवली, तर आज हा आकडा सत्तरच्या आसपास मानतात. मग काय, रेघसुद्धा खाली ओढायची?

हे मी पुस्तकी सांगत नाही. नोकरी सांभाळून बरीच वर्षं संध्याकाळी एका मासिकाची मुद्रितं तपासली आहेत. युनिकोडच्या आधीची गोष्ट. ‘सिंबल’ नावाच्या फॉन्टमध्ये इंग्रजी m टाइप केला की µ दिसायचा. एकदा बी-१२ जीवनसत्त्वाच्या लेखातल्या आलेखावर µg होतं. आमच्या ऑपरेटरला वाटलं अक्षरं एकसारखी दिसत नाहीत, म्हणून त्याने सगळी निवडून एकच फॉन्ट लावला. µ चा मुकाट्याने m झाला, मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम झाले, रोजची गरज हजार पटींनी वाढली, आणि आकृती आधीपेक्षा देखणी दिसायला लागली. मजकुराशी ताडून पाहिलं म्हणून सापडलं. नुसत्या आकृतीकडे बघून कुणाच्या बापाला सापडलं नसतं. तेव्हापासून आकृतीवरच्या एककाला कुणी ‘नीट’ करायला निघालं की माझं डोकं फिरतं.

नेब्युला? हबल यांनीच आकृतीखाली नेब्युला लिहिलंय. विषय संपला.

आता तुमची दुरुस्त आकृती. आमंत्रण तुमचंच होतं, म्हणून बघून आलो. आकृतीखालचा मजकूर तुम्ही एका ओळीत उरकलाय: ‘प्रत्येक खूण म्हणजे एक दीर्घिका.’ मूळ मजकूर लांबलचक आहे, पण उगाच नाही. भरीव काळे ठिपके आणि सलग रेघ म्हणजे २४ नेब्युला सुट्या धरून काढलेलं उत्तर. पोकळ वर्तुळं आणि तुटक रेघ म्हणजे त्यांचेच नऊ गट करून काढलेलं. आणि ती एकच फुली आहे ना, ती ज्यांची अंतरं सुटी सुटी काढता आली नाहीत अशा २२ नेब्युलांची सरासरी आहे. तुमच्या वाचकाने वर्तुळंसुद्धा दीर्घिका म्हणून मोजली, आणि बावीस जणांना तुम्ही एका फुलीत एकटं पाडलंत.

त्याहून वाईट म्हणजे ‘सूर्याच्या गतीची दुरुस्ती केलेले वेग’ हे शब्द तुम्ही गाळलेत. तक्त्यातले वेग मोजलेले, कच्चे आहेत. आकृतीतले सूर्याची स्वतःची गती वजा केल्यानंतरचे. तक्त्यात देवयानीच्या नेब्युलासमोर उणे २२० आहे. तुमच्या पानावरून कुणी तो ठिपका उणे २२० वर शोधायला गेला तर त्याला तिथे तो मिळणार नाही, आणि तो समजेल की हबलनेच घोळ घातला.

राहिले आकडे. अक्षावरचे आकडे मी मुद्दाम इंग्रजी ठेवले, कारण आडव्या अक्षावर `10⁶` आहे. युनिकोडमध्ये इंग्रजी आकड्यांना घातांकाची स्वतंत्र चिन्हं आहेत, देवनागरी आकड्यांना नाहीत. देवनागरीत घातांक फक्त फॉरमॅटिंगने वर चढवावा लागतो, आणि नकल-डकव केलं की तो धपकन खाली येतो. तुमचा आलाच आहे. तुमच्या आडव्या अक्षावर ‘१०६ पार्सेक’ छापलंय. आपली आकाशगंगाच तीस हजार पार्सेकच्या आसपास रुंद आहे, आणि तुम्ही बाहेरच्या दीर्घिका एकशे सहावर आणून बसवल्यात. ते चित्र व्हॉट्सॲपवर फिरायच्या आत बदला.