गृहपाठबंदीवर समतोल व्हिडिओ कसा काढावा

गृहपाठबंदीवर चर्चेचा व्हिडिओ काढताय? झकास. परवाच एक पाहिला. कोपऱ्यात तराजू फिरत होता, म्हणजे समतोल आलाच. तुम्हीही तराजू फिरवा.

वेळ घड्याळ लावून वाटा: चार मिनिटं बंदीवाल्यांना, चार विरोधकांना. मग एका बाजूला वहीवर डोकं टेकून झोपलेली चिमुरडी आणि मागे बासरी, दुसऱ्या बाजूला खुर्चीत बसून आकडे वाचणारे गुरुजी. सेकंद सारखेच आहेत, तक्रार कसली?

इयत्ता मात्र चुकूनही सांगू नका. पहिलीतली पोर आणि दहावीतला घोडा एकाच 'मुलं' या शब्दात कोंबा. ते वेगळे केले की वादातली हवाच जाते. अमेरिकेतले संशोधक हॅरिस कूपर यांनी 2006 साली आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. गृहपाठ आणि गुण यांचा संबंध त्यांना सातवीपासून पुढे ठळक दिसला, खालच्या वर्गांत फिका. शिवाय संबंध म्हणजे कारण नव्हे. अभ्यासू मुलगा गृहपाठही जास्त करतो. आता बंदीवाला पहिली-दुसरीचं बोलतो, विरोधक नववी-दहावीचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि तुम्ही त्यांना झुंजवताय! त्यात केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक, नववीपासून दोन. म्हणजे लहानांपुरती बंदी कागदावर आहेच. मग शाळा ती पाळत का नाहीत, हे विचारायला कॅमेरा कुठल्या शाळेच्या फाटकावर नेलात? आणि रात्री दहाला थर्माकोल कापत बसलेल्या आईला कुठल्या बाजूला बसवणार?

हं, सल्ले देत होतो, नाही का. शेवटचा शब्द आपल्या आवडत्या बाजूला द्या.

आणि लगेच कौल: 'बालपण हिरावणारा गृहपाठ बंद व्हायलाच हवा ना?' पर्याय दोनच, हो किंवा नाही. लिंक पालकांच्या गटांत सोडा आणि आलेला आकडा 'महाराष्ट्राचा निर्णय' म्हणून लावा.

बास झालं. ज्याला वाटलं त्याने बटण दाबलं, एवढंच त्या आकड्यात असतं, आणि हे तुम्हालाही ठाऊक आहे. एकच साधा प्रश्न चर्चेआधी आणि नंतर विचारा, म्हणजे मत कुठे हललं ते कळेल. पर्याय इयत्तेप्रमाणे पाडा, 'गृहपाठ हवा, पण कमी' हाही ठेवा. किती जणांनी मत दिलं ते टक्केवारीशेजारी छापा. दोन्ही बाजूंना समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मांडायला लावा. जमला नाही तर ते चित्रीकरण टाकून द्या आणि तयारीचा माणूस बोलवा. एवढं होत नसेल तर तराजू तरी काढा, लोकांना फसवू नका.