पत्ता न सांगताही पत्ता लागतो

टोपणनावाने खेळ स्ट्रीम करणारे अनेक जण म्हणतात, “माझा कॅमेरा बंद असतो, खरे नाव मी सांगत नाही, पत्ता तर नाहीच नाही. नुसत्या आवाजावरून मला कोण शोधणार? फार तर आयपी मिळेल, तो झाकायला व्हीपीएन आहे.”

आयपीचा, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाचा, मुद्दा आधी संपवू. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचा आवाज त्या कंपनीच्या सर्व्हरमधून जातो, त्यामुळे बोलणाऱ्यांना एकमेकांचा आयपी दिसत नाही. दोघांमधील व्हॉट्सॲप कॉलमध्ये फोन थेट जोडले जाऊ शकतात, पण त्यासाठी Privacy मध्ये Advanced खाली Protect IP address in calls ही सोय आहे. शिवाय आयपीवरून बाहेरच्या माणसाला इंटरनेट कंपनी आणि अंदाजे शहर इतकेच कळते. घर कोणाचे, हे कंपनीच्या नोंदींत असते. म्हणजे ज्या दाराला व्हीपीएनचे कुलूप लावायचे, त्या दाराने सहसा कोणी येतच नाही.

नाव सांगत नाही, या म्हणण्यातील चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती स्ट्रीम करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मदतीसाठी पडद्याच्या कोपऱ्यात यूपीआयचा क्यूआर लावलेला असतो. तो स्कॅन केला की एक रुपयाही न पाठवता बँक खात्यावरचे नाव दिसते, आणि अनेक ॲप आपोआप बनवून देतात तो आयडी म्हणजे मोबाइल क्रमांक आणि पुढे @ असा असतो. वेगळा आयडी बनवल्याने क्रमांक झाकला जातो, नाव मात्र तेच राहते. म्हणून वैयक्तिक खात्याचा क्यूआर स्ट्रीमवर लावूच नये. पैसे घ्यायचेच असतील, तर ते त्या मंचाच्या स्वतःच्या सोयीतून घ्यावेत, जिथे प्रेक्षकाला फक्त चॅनेलचे नाव दिसते.

आता आवाजाकडे येऊ. समजा, बारावीतील एक मुलगी रोज रात्री टोपणनावाने बीजीएमआय खेळते. एका गुरुवारी ती सहज म्हणते, “आज दिवसभर पाणी नव्हतं.” दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची पुण्याची पद्धत ठाऊक असलेल्याला शहराचा अंदाज येतो. आठवड्याने सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीमुळे क्लासहून यायला उशीर झाल्याचे ती सांगते. पुढे एकदा माइक चालू असताना आई तिला खऱ्या नावाने हाक मारते. यातले कोणतेही वाक्य एकटे धोक्याचे नाही, पण नाव, परिसर आणि क्लास सुटण्याची वेळ एकत्र आली, की इन्स्टाग्रामवर क्लासच्या पानावरील निकालाच्या फोटोत तिला ओळखणे अवघड राहत नाही. हे जुळवणाऱ्याला रोज हजर राहावे लागत नाही, कारण जुने रेकॉर्डिंग त्याला हवे तेव्हा ऐकता येते. म्हणून माइक बटण दाबल्यावरच चालू होईल असा ठेवावा, आणि आजच्या घरच्या गोष्टी, विशेषतः पाणी, वीज, पाऊस, मिरवणूक, परीक्षा केंद्र, आज बोलू नयेत. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये Display Capture ऐवजी Window Capture निवडून फक्त खेळाची खिडकी दाखवावी, म्हणजे बाजूला उघडलेला मेल किंवा ब्राउझर प्रेक्षकांपर्यंत जात नाही.

पत्ता विचारणारा माणूसही थेट पत्ता विचारत नाही. तो मुद्दाम चुकीचे बोलतो: “तू नाशिकची ना?” चूक दुरुस्त करण्याची आपल्याला इतकी सवय असते, की “नाही, पुण्याची” हे शब्द तोंडातून निघून जातात. दुसरा आधी स्वतःचे कॉलेज सांगतो, म्हणजे आपले न सांगणे आपल्यालाच उद्धटपणाचे वाटू लागते. त्याने सांगितलेले खरे आहे की नाही, हे तपासायला मात्र आपल्याकडे काहीच नसते. अशा वेळी होही म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये. “मी राहण्याबद्दल आणि शिक्षणाबद्दल कोणाशीच बोलत नाही” हे एकच वाक्य प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, त्याच शब्दांत सांगावे. ते फक्त बरोबर अंदाजालाच ऐकवले, तर तेच उत्तर ठरते. खोटे शहर सांगण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण चार महिन्यांनी ते आठवत नाही आणि विसंगतीच खऱ्याकडे बोट दाखवते. तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला, किंवा “इथे नको, व्हॉट्सॲपवर बोलू” म्हणत क्रमांक मागणाऱ्याला, कारण न देता ब्लॉक करावे.

कोणी खरोखरच चॅटमध्ये तुमचा पत्ता टाकला, तर तो मोठ्याने वाचू नये आणि “हे कुठून मिळालं?” असेही विचारू नये, कारण त्या प्रश्नानेच तो खरा असल्याची कबुली मिळते. काही न बोलता स्ट्रीम थांबवावी. त्या खात्याचे नाव, दुवा आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आधी घ्यावेत, मगच संदेश काढून ब्लॉक करावे आणि रेकॉर्डिंग खासगी करावे. प्रेक्षकांनी काढलेल्या क्लिप वेगळ्या राहू शकतात, त्या स्वतंत्रपणे शोधाव्यात. घरच्यांना त्याच रात्री सांगावे, म्हणजे दारावर अनोळखी माणूस आला तर ते सावध असतील. तक्रार cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. स्त्रीने नकार स्पष्ट केल्यावरही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवत राहिला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 78 लागू होऊ शकते. त्या वेळी सर्वांना एकसारखे दिलेले ते नकाराचे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये असणे उपयोगी पडते.