परदेशातून : उपकार आणि मोजे

‘“तुमचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत” हे इंग्रजीत छानसं कसं लिहायचं रे? तुझ्या त्या शेजारणीला पाठवायचंय.’ – मामी, दांडिया बाजार, वडोदरा

‘मामी, तसं लिहायचंच नाही,’ असं मी कळवलं आणि घरच्या ग्रुपवर दोन दिवस रण माजलं.

जानेवारीत मामी आमच्या लेस्टरला बर्फावरून घसरली. मी कामावर. पलीकडच्या बाईंनी तिला इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नेलं आणि सात तास तिच्याजवळ बसून राहिल्या.

नानांनी लगेच धाडलं, ‘आय शॅल रिमेन एव्हर इंडेटेड टू युअर गुड सेल्फ.’ जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, व्याकरणात चूक नाही. पण त्या बाईंना वाटेल बँकेचं पत्र आलं. ‘ऑब्लाइज्ड’ तर त्याहून वाईट. माझ्या दारात कुणी गाडी लावली की मी काचेवर जी चिठ्ठी अडकवतो, तिची सुरुवात ‘आय वुड बी ऑब्लाइज्ड इफ’ अशी असते. तिकडे बसून हे कसं कळणार! मध्येच काकांनी विचारलं, व्हिसाच्या अर्जाखाली ‘थँकिंग यू’ चालेल का. चालेल, काका.

वहिनी भाषांतरं करते. ती म्हणाली, ‘आभारात भार आहे. थँक आणि थिंक मात्र एका मुळातले. तेव्हा त्यांना ऋण सांगू नका, आठवण सांगा. त्यांनी काय केलं आणि त्याचं पुढे काय झालं, एवढंच. थँक यू शेवटी, एकदाच.’

म्हणून मामीला फोन करून विचारलं, त्या दिवसातलं काय आठवतं? म्हणाली, ‘मोजे. माझे भिजले होते. त्यांनी स्वतःच्या पायातले काढून मला घातले.’

मग लिहिलं, ‘यू टुक ऑफ युअर ओन सॉक्स अँड पुट देम ऑन माय फीट. मॉर्निंग्ज आर कोल्ड हिअर टू, अँड आय हॅव देम ऑन नाऊ. थँक यू.’

नाना म्हणाले, ‘यात भावना कुठाय? नुसते मोजे.’ मामीला ‘यू आर लाइक माय डॉटर’ हवं होतं. मी ते खोडलं, एका भेटीत एवढं ऐकून त्या बाई अवघडतील म्हणून. वहिनी म्हणते, राहू द्यायचं होतं, मामीचा आवाज त्यातच होता. ते भांडण अजून चालू आहे.

खरं तर मला कुणाला शिकवायचा हक्क नाही. इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरला रोज थँक यू म्हणतो, पण मामीला कधी म्हटलं नाही. ‘आपल्यात नसतं तसं’ म्हणत वीस वर्षं काढली. परवा वहिनीच्याच रीतीने लिहिलं, ‘मामी, तू पाटल्या मोडून माझी पहिली फी भरलीस.’

रात्री उशिरा उत्तर आलं. ‘पाटल्या नव्हत्या रे, तोडे होते.’