माझ्या गाडीची नॉमिनी काकू

जुनी गाडी घेतली त्या दिवशी विकणाऱ्या काकांनी मला तीन गोष्टी दिल्या: किल्ली, पेढा आणि "विमा अजून सहा महिने आहे, काळजीच नको" हे वाक्य. किल्ली चालली, पेढा संपला. वाक्याने मात्र मला नवव्या दिवशी दगा दिला.

नवव्या दिवशी मी गाडी मागे घेताना एका खांबाला नीट भेटलो. खांबाला काही झालं नाही. बंपर मात्र कानाला धरून बसल्यासारखा एका बाजूने लोंबू लागला. मी पॉलिसीचा कागद घेऊन ऐटीत विमा कंपनीच्या शाखेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट केला.

"यावर नाव तुमचं नाही."

"नसेना का. गाडी माझी आहे."

"गाडी तुमची, पॉलिसी त्यांची. त्यांनी गाडी विकली, म्हणजे नुकसान त्यांचं नाही. नुकसान तुमचं, पण तुमचा आमच्याशी करार नाही. म्हणजे पैसे कोणालाच नाहीत." इतका निर्दोष तर्क मी शाळेतल्या भूमितीनंतर ऐकला नव्हता.

मग त्यांनी समजावलं, आणि खरं सांगायचं तर तो भाग ऐकण्यासारखा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी विकली की विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण ते फक्त थर्ड पार्टीपुरतं. मी दुसऱ्याला धडकलो असतो तर त्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी कंपनीची होती. स्वतःच्या गाडीचं नुकसान, म्हणजे ओन डॅमेज, हा मात्र माणसाशी केलेला करार. तो माणूस बदलला की नवा करार करावा लागतो. विकल्यापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो.

"आणि अपघात विमा? इथे नॉमिनी म्हणून काकूंचं नाव आहे. मला काही झालं तर पैसे काकूंना?"

"नाही. तो मालक-चालकाचा विमा, काकांचा. तुम्हाला काही झालं तर काकूंनाही काही नाही."

एवढा निरुपयोगी मी या आधी कोणालाच वाटलो नसेन.

पाच दिवस उरले होते. कागद लागले ते असे: नव्याने भरलेला प्रस्ताव अर्ज, जुनं विमा प्रमाणपत्र, विक्रीचा पुरावा, माझी ओळखपत्रं, आणि माझ्या नावाचं आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र. शेवटचं वाचून मी हसलो, कारण आरसी आरटीओत अडकलं होतं आणि कधी येईल ते तिथल्या शिपायालाही ठाऊक नव्हतं. बाईंनीच वाट दाखवली: गाडी नावावर करायचे आरटीओचे अर्ज, म्हणजे काकांच्या सहीचा फॉर्म २९ आणि दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३०, आणि आरटीओची पावती आत्ता द्या, आरसी आल्यावर प्रत आणा. प्रत्येक कंपनी असं मान्य करेलच असं नाही, म्हणून आधी विचारावं. मला विचारायची बुद्धी खांबाने दिली.

मग आला नो क्लेम बोनसचा प्रश्न. काकांनी वर्षानुवर्षं क्लेम केला नव्हता, म्हणून त्यांना ५० टक्के सूट होती. मला वाटलं, ती गाडीबरोबर आली. बाई म्हणाल्या, "बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. काका तो घेऊन गेले." काका खरंच गेले होते. गाडी विकल्याचं दाखवून त्यांनी बोनसचं पत्र घेतलं होतं. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीला लावता येतं. माझं गणित असं झालं: ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० रुपये, सूट वजा जाता काकांनी भरले ४,०००. उरलेल्या सहा महिन्यांसाठी निम्मी सूट परत, म्हणजे २,००० रुपये मी भरायचे, वर जीएसटी. हस्तांतराचं शुल्क ५० रुपये. सगळ्या व्यवहारात तेवढंच ऐकून बरं वाटलं.

एक सर्वेअर येऊन गाडीचे फोटो काढून गेला. बंपरचे त्याने तीन वेगवेगळ्या कोनांतून काढले आणि शेजारी 'आधीचं नुकसान' असं लिहिलं. म्हणजे बंपर मी स्वतः दुरुस्त करेपर्यंत कंपनी त्याला ओळखही दाखवणार नव्हती.

बाराव्या दिवशी एन्डॉर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीतला बदल नोंदवणारा कागद हातात आला. माझं नाव बरोबर, गाडीचा क्रमांक बरोबर, इंजिन क्रमांकसुद्धा आरशातल्यासारखा जुळला. नॉमिनी म्हणून बायकोचं नाव होतं, तेही बरोबर. फक्त 'नाते' या रकान्यात छापलं होतं: काकू.

बायकोने कागद वाचला आणि विचारलं, "ही दुरुस्ती किती दिवसांत करायची असते?"