कोहळ्याचं घनफळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी चिरलेल्या कोहळ्याच्या फोटोवरून मापं घेऊन त्याचं घनफळ शेल पद्धतीनं, म्हणजे एकात एक बसणाऱ्या पातळ नळकांड्यांची बेरीज करून काढलं होतं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली:

«तुमचाच फोटो, तुमचीच मापं घेऊन मी डिस्क पद्धतीनं गणित केलं. 4.81 लिटर आलं. तुम्ही शेल वापरून 4.45 लिटर सांगितलं. आकृती तीच आणि अक्ष तोच असेल तर दोन्ही पद्धतींनी उत्तर एकच यायला पाहिजे. म्हणजे तुमची शेल पद्धत इथं चालत नाही. सरळ चकत्या कापायच्या सोडून उगाच अवघड मार्ग का घेतला?»

भाऊ, तुमची शंका रास्त आहे, पण चोर तुम्ही म्हणता तो नाही. तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी फोटो पुन्हा उघडून मापं नव्यानं घेतली. तुमचं उत्तर थोडं जास्त आहे आणि माझं बरंच कमी.

आधी तुमच्याकडचं पाहू. कोहळ्याला देठापाशी खळगा आहे, बुडाशीही एक लहानसा आहे. बुडाच्या खालच्या कडेपासून 13 सेंटिमीटर उंचीवर फोटोवर आडवी रेघ मारा. मधल्या अक्षापासून निघालात की पहिले 2.7 सेंटिमीटर नुसती हवा लागते, मग गर, आणि 8.25 ला साल संपते. तिथली चकती भरीव नाही, वॉशरसारखी आहे. तिचं क्षेत्रफळ π(8.25² − 2.7²) होतं. तुम्ही बाहेरची त्रिज्या तेवढी घेतली. 13 वर त्यानं दहा टक्क्यांचाच फरक पडतो, पण 13.8 वर आतली त्रिज्या 4 आणि बाहेरची 6.8 आहे, तिथं तिसरा हिस्सा हवाच निघते. दोन्ही खळगे मी वेगळे मोजले: वरचा सुमारे 52 घन सेंटिमीटर, खालचा 23. म्हणजे तुमच्या उत्तरातले 75 घन सेंटिमीटर कोहळ्याचे नाहीतच.

शेल घेण्याचं कारण हेच होतं. अक्षापासून x अंतरावर उभी रेघ मारली की ती सालीला एकदा वर आणि एकदाच खाली कापते. त्या दोन टोकांमधली उंची h घेतली की खळगा आपोआप वगळला जातो, आतली-बाहेरची त्रिज्या शोधत बसावं लागत नाही. ती रेघ अक्षाभोवती फिरवली की पातळ नळकांडं तयार होतं, आणि सगळी नळकांडी एकात एक बसवली की

V = 2π ∫ x·h(x) dx

इथवर मी बरोबर होतो. मग उरलेले 287 घन सेंटिमीटर गेले कुठे?

ते माझ्या आळसात गेले. मी दर दोन सेंटिमीटरला एक माप घेतलं आणि मधल्या जागी x·h साठी सरळ रेघ धरली. x = 10 ला h 9.1 होती, x = 12 ला साल संपते म्हणून शून्य. सरळ रेघेनं 11 वर x·h 45.5, म्हणजे h 4.14 यायला हवी. फोटोत मोजली तर 6.4 निघाली! कडेला साल जवळजवळ उभी असते, त्यामुळे h हळूहळू उतरत नाही, शेवटच्या बोटभर जागेत एकदम कोसळते. त्यात शेलमध्ये h ला x नं गुणतात. अक्षाजवळची चूक त्यामुळे लहान होऊन जाते आणि कडेची मोठी होऊन बसते. एकट्या त्या शेवटच्या पट्टीत माझे 252 गेले, आतल्या भागात जेमतेम 35.

आता गंमत अशी की जिथं शेल डळमळते, तिथंच तुमची डिस्क घट्ट उभी असते. साल उभी असली की वर-खाली सरकल्यानं त्रिज्या फारशी बदलत नाही. उलट डिस्क डळमळते ती कोहळ्याच्या माथ्यावर, कारण साल तिथं आडवी आहे आणि उंचीत मिलिमीटरभर चुकलं की त्रिज्या सेंटिमीटरभर सरकते. म्हणून या वेळी मी आकृतीचे दोन तुकडे केले. x = 10 पर्यंत शेल, त्यापलीकडच्या कडेला वॉशर.

आतल्या भागात दर सेंटिमीटरला h घेतली: 9.4, 10.7, 12.0, 13.0, 13.7, 14.0, 14.0, 13.4, 12.5, 11.0, 9.1. प्रत्येकीला तिच्या x नं गुणून सिम्पसनचा नियम लावला, तो सरळ रेघेऐवजी वक्र रेघ धरून बेरीज करतो, 622.2 आले. 2π नं गुणून 3909.

कडेच्या 9.1 सेंटिमीटर उंचीचे चार सारखे भाग केले. त्रिज्या आल्या 10, 11.5, 12, 11.5, 10. प्रत्येकीच्या वर्गातून 100 वजा केले, कारण 10 पर्यंतचा भाग शेलनं आधीच घेतला आहे. पुन्हा सिम्पसन, वरून π, 824. दोन्ही मिळून 4733 घन सेंटिमीटर, म्हणजे 4.73 लिटर. तुमच्या 4.81 मधून खळगे काढा, तेवढंच उरतं.

फोटोबद्दल एक सांगायचं राहिलं होतं. कोहळं देठातून उभं चिरलं आणि अर्धी फोड पाठीवर ठेवली की कापलेला भाग टेबलापासून 12 सेंटिमीटर वर असतो. मोजपट्टी त्या कापलेल्या भागावरच ठेवायची. पहिल्या फोटोत मी ती शेजारी टेबलावर ठेवली होती. कॅमेरा कापलेल्या भागापासून मीटरभर वर धरला तर टेबलावरची पट्टी 112 सेंटिमीटर लांब पडते, लहान दिसते, आणि तिच्या हिशेबानं कोहळं 12 टक्क्यांनी मोठं भासतं. घनफळात ती चूक तिपटीहून जास्त होते: 1.12 चा घन 1.4. पाच लिटरच्या आतलं कोहळं साडेसहा लिटरचं झालं तेव्हाच माझ्या ध्यानात आलं आणि तो फोटो मी टाकून दिला.

पाण्यानं पडताळलं का, असं कोणी विचारेलच. चिरायच्या आधीच केलं होतं. मोठा गंज काठोकाठ भरून परातीत ठेवला. कोहळं तरंगतं, म्हणून छत्रीच्या दोन काड्यांनी दाबून बुडवलं. हातानं दाबलं असतं तर हाताचंही माप आलं असतं. सांडलेलं पाणी दुधाच्या मापानं मोजलं, 4.6 लिटर भरलं. 4.73 आणि 4.6 मधला फरक सालीवरच्या पन्हाळींचा आहे, असं माझं मत. माझी सुरी दोन्ही बाजूंनी उंचवट्यावरून गेली, म्हणजे आपण सबंध कोहळं उंचवट्याच्याच मापाचं गोल धरलं. दुसरी चीर पन्हाळीतून घेऊन दोन्ही उत्तरांची सरासरी काढायला हवी होती. तेवढी उसंत मिळाली नाही. आई मागं उभीच होती: "फोटो झाला असन त दे इकडं, भाजी टाकाची हाये."

मूळ लेखातला 4.45 चा आकडा खोडून शेजारी 4.73 लिहिला आहे. 11 वरचं माप कोष्टकात घातलं आहे. तुमची चकत्यांची मापं असतील तर 11 ते 14 सेंटिमीटर उंचीतल्या आतल्या त्रिज्या तेवढ्या पाठवा. बुडाचा खळगा 1.6 पर्यंतच आहे, तो मी काढतो.